चुकून सरकवलेल्या नोटिफिकेशनचा माग

सांगलीच्या माझ्या मावशीला पोटाची सोनोग्राफी करायची होती. वेळ ठरली होती गुरुवारी सकाळी दहाची. बुधवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास तिने फोन हातात घेतला, तेव्हा वरच्या पट्टीत पंचवीस-तीस नोटिफिकेशन्स साचली होती. कुणाचे वाढदिवस, कुठली तरी सवलत, बातम्या, नातेवाइकांच्या गटातले गुड नाइट. तिने खालचं Clear all दाबलं आणि पट्टी मोकळी झाली. मोकळी होता होता त्यातल्या एका ओळीत तिला दवाखान्याच्या ॲपचं नाव दिसल्यासारखं वाटलं. ओळ वाचायच्या आत ती गेली होती.

तिने मला फोन केला. "अरे, काहीतरी आलं होतं रे दवाखान्याचं. मी पुसून टाकलं. परत आणता येईल का?" मी म्हणालो, ॲप उघडून बघ. ॲपमध्ये जुनीच वेळ दिसत होती. मग तिने शेजारच्या मुलाला विचारलं. त्याने घरोघरी चालतो तोच उपाय सांगितला, फोन बंद करून चालू करा. तिने केलं, काही परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दहाला पोचली, तेव्हा कळलं की वेळ सव्वाआठची झाली होती आणि उपाशीपोटी यायचं होतं. मावशी चहा-पोहे खाऊन गेली होती. तपासणी तीन दिवस पुढे गेली.

त्या रविवारी मी सांगलीला गेलो आणि तिचा फोन घेऊन बसलो. या लेखात जे सांगतो आहे ते त्या दुपारी तिला दाखवलेलंच आहे, आणि पुढच्या दोन महिन्यांत तिच्या वापरातून मला जे नव्याने कळलं ते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. नोटिफिकेशन म्हणजे निरोप नव्हे. निरोप आल्याची ती चिठ्ठी आहे. आपण चिठ्ठी सरकवली तरी बहुतेक वेळा निरोप जागेवर असतो. एसएमएस मेसेजच्या ॲपमध्ये असतो, ईमेल इनबॉक्समध्ये असते, व्हॉट्सॲपचा मेसेज त्या गप्पांत असतो, हुकलेला फोन कॉलच्या यादीत असतो. म्हणून काही सरकवलं गेलं तर पहिली धाव त्या ॲपकडे घ्यायची. पण काही ॲप अशी असतात की त्यांच्याकडे निरोप जपून ठेवायची जागाच नसते. ती फक्त चिठ्ठी टाकतात आणि मोकळी होतात. दवाखान्यांची, शाळांची, सोसायट्यांची, घरपोच सेवांची कितीतरी छोटी ॲप या प्रकारात येतात. तिथे चिठ्ठी हाच निरोप असतो, आणि ती गेली की सगळंच गेलं. मावशीचं तेच झालं होतं. आणखी एक अडचण म्हणजे, सरकवलेली ओळ कोणत्या ॲपची होती हेच अनेकदा आठवत नाही. मग कुठलं ॲप उघडणार?

अशा वेळी कामाला येते ती Notification history. गूगलने 2020 साली आणलेल्या अँड्रॉइड 11 पासून ती अँड्रॉइडमध्ये आहे. मात्र ती आधीपासून चालू नसते. फोन नवा असो वा जुना, आपण स्वतः बटण दाबून चालू करेपर्यंत ती काहीही नोंदवत नाही. मावशीच्या फोनमध्ये अँड्रॉइड 13 होतं, म्हणजे सोय होती, पण बटण बंद होतं. त्यामुळे बुधवार रात्रीची ओळ कुठेच लिहिली गेली नव्हती. नंतर बटण चालू करून मागचं काही मिळत नाही. ज्या मिनिटाला ते चालू होतं, त्या मिनिटानंतरचीच नोंद सुरू होते.

चालू करायला अर्धं मिनिट लागतं. Settings उघडायचं, Notifications मध्ये जायचं, तिथे Notification history असं लिहिलेलं असतं. ते उघडलं की सगळ्यात वर Use notification history हे बटण दिसतं, ते उजवीकडे सरकवायचं. अँड्रॉइड 11 च्या फोनमध्ये हाच रस्ता Apps & notifications मधून जातो. सॅमसंगच्या फोनमध्ये Notifications मध्ये गेल्यावर आधी Advanced settings उघडावं लागतं, मग Notification history सापडते. इतर काही कंपन्यांनी ती आणखी आत नेऊन ठेवली आहे, म्हणून शोधत बसण्यापेक्षा Settings च्या वरच्या शोधपट्टीत notification history असं टाइप करावं. फोनची भाषा मराठी असेल तर "सूचना" हा शब्द टाकून पाहावा. कुठेच सापडली नाही, तर About phone मध्ये अँड्रॉइडचा आकडा बघावा. तो 10 किंवा त्याखालचा असेल तर ही सोय त्या फोनमध्ये नाही. त्या जुन्या फोनांत Settings shortcut नावाच्या विजेटमधून Notification log उघडायची एक वाट असे, पण ती यादी सामान्य माणसाने वाचावी अशी नसते.

बटण चालू केल्यावर या पानावर हळूहळू दोन याद्या तयार होतात. या दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे, आणि तो माहीत नसल्यामुळेच लोक फसतात.

वरची यादी Recently dismissed नावाची. नुकतीच सरकवलेली शेवटची काही नोटिफिकेशन्स इथे दिसतात. काहीच, सगळी नाहीत. या यादीतली ओळ जवळजवळ जिवंत असते. तिच्यावर बोट टेकवलं की मूळ नोटिफिकेशनवर टेकवल्यावर जे उघडलं असतं तेच उघडायचा फोन प्रयत्न करतो. गप्पांतली ओळ असेल तर थेट ती गप्पा, ईमेलची असेल तर थेट ते पत्र. मात्र मूळ नोटिफिकेशनवर असणारी उत्तर द्या, वाचलं म्हणून नोंदवा अशी बटणं इथे मिळत नाहीत. आणि ती ओळ उडी मारून पुन्हा वरच्या पट्टीत जाऊनही बसत नाही. म्हणजे हिस्टरी आपल्याला गेलेली गोष्ट दाखवते, तिच्यापर्यंत नेते, पण ती गोष्ट जागच्या जागी परत ठेवत नाही.

या वरच्या यादीची मोठी अडचण अशी की ती फोनच्या तात्पुरत्या स्मरणात असते. फोन बंद करून चालू केला की ती रिकामी होते. शेजारच्या मुलाचा सल्ला आठवा. मावशीच्या वेळी हिस्टरी बंदच होती, त्यामुळे त्या सल्ल्याने काही बिघडलं नाही. पण ती चालू असती, तर फोन बंद-चालू करण्याने सगळ्यात उपयोगी यादी पुसली गेली असती. चुकून काही सरकवलं गेलं की फोनला हात न लावता आधी हे पान उघडावं, रीस्टार्टचा विचार नंतर.

खालची यादी चोवीस तासांची. इथे ॲपच्या नावाने गट केलेले असतात, नावापुढे किती नोटिफिकेशन्स आली त्याचा आकडा असतो, आणि बाणावर बोट टेकवलं की गट उलगडतो. इथे सरकवलेलीच नव्हे, त्या काळात आलेली सगळी मोजण्याजोगी नोटिफिकेशन्स असतात. तुम्ही सरकवलेलं असो, उघडून वाचलेलं असो, किंवा ॲपने स्वतःच मागे घेतलेलं असो. ही यादी फोनच्या साठवणीत लिहिली जाते, म्हणून बंद-चालू केल्यावरही बहुतांशी टिकते. बहुतांशी म्हणायचं कारण असं की लिखाण दर क्षणाला होत नाही, थोड्या थोड्या वेळाने होतं. अगदी शेवटच्या काही मिनिटांतलं रीस्टार्टमध्ये हरवू शकतं. चोवीस तास उलटले की ओळ आपोआप गळून पडते. परवा काय आलं होतं, हा प्रश्न या पानाला विचारता येत नाही.

आता मावशीचा दुसरा प्रसंग सांगतो, कारण यादी कशी वाचायची ते त्यावरून नीट कळतं.

सोनोग्राफी झाली आणि साधारण बारा दिवसांनी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना दाखवायचं होतं. वेळ संध्याकाळी साडेपाचची. त्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मावशी आडवी झाली होती. फोन वाजला, तिने अर्धवट झोपेत बोटाने ओळ बाजूला सारली. उठल्यावर सवयीने आणखी अकरा-बारा ओळी साफ केल्या. मग तिला शंका आली. तीन वाजायला दहा मिनिटं असताना तिने मला फोन केला, आणि मी तिला फोनवरूनच एकेक पायरी सांगत गेलो.

तिने वरची पट्टी पूर्ण खाली ओढली. हिस्टरी चालू असली की बऱ्याच फोनांत पट्टीच्या तळाशी Manage ऐवजी History असा शब्द येतो. तिच्या फोनमध्ये तो होता. तिने तो दाबला, थेट पान उघडलं, Settings मध्ये शिरायची गरज पडली नाही. वरच्या यादीत तिला बातम्या दिसल्या, भाच्याचा फोटो आल्याचं दिसलं, दवाखाना नव्हता. हे अपेक्षितच होतं. तिने नंतर अकरा-बारा ओळी सारल्या होत्या, त्यांनी दवाखान्याच्या ओळीला यादीतून ढकलून दिलं होतं. ती घाबरली, "नाहीये रे इथे." मी म्हटलं, खाली ये, चोवीस तासांच्या यादीत ॲपचं नाव शोध. ते सापडलं, पुढे आकडा 3. बाण दाबला, तीन ओळी उलगडल्या. पहिली दुपारी 1:52 ची. तिच्यात लिहिलं होतं की डॉक्टर आज 4:15 वाजता बघतील, जुने रिपोर्ट सोबत आणा.

तिने उत्साहाने त्या ओळीवर बोट टेकवलं. त्या ॲपच्या नोटिफिकेशनच्या सेटिंग्जचं पान उघडलं, त्यात वेळेच्या बदलाचं नाव नाही. ती पुन्हा घाबरली. खालच्या यादीतली ओळ साधारण तेवढंच करते, त्या नोटिफिकेशनच्या सेटिंग्ज उघडून देते. मूळ चिठ्ठीचा नेमका पत्ता तिच्याकडे उरलेला नसतो. पण त्याची गरज नव्हती, मजकूर समोर होता. मी तिला सांगितलं, मागे जा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेव. चोवीस तासांनी ते पुसलं जाणार, आणि दवाखान्यात कुणी विचारलंच तर दाखवायला काहीतरी हवं. ती चारला पोचली.

या प्रसंगात दोन बारकावे मला महत्त्वाचे वाटतात. यादीतली वेळ ही नोटिफिकेशन आल्याची असते, आपण सरकवल्याची नव्हे. मावशी "अडीच-पावणेतीनला सरकवलं" म्हणून त्या वेळेची ओळ शोधत होती, आणि ओळ होती 1:52 ची. दुसरं असं की घाईत याच पानावर ओळ बाजूला सारायची सवय आड येते. अँड्रॉइडच्या मूळ रचनेत हिस्टरीच्या यादीतली ओळ आडवी सरकवली की ती नोंदीतूनच काढली जाते. हरवलेली वस्तू शोधायला आलेल्या माणसाने तीच वस्तू पुन्हा खिडकीतून टाकावी तसं ते होतं. या पानावर फक्त वर-खाली जायचं, आडवं बोट फिरवायचं नाही.

काही गोष्टी या याद्यांत येतच नाहीत, तेही माहीत असावं. ज्या ॲपचं नोटिफिकेशन आपण बंदच करून ठेवलं आहे, त्याची नोंद होत नाही, कारण चिठ्ठीच आलेली नसते. फाइल डाऊनलोड होताना सरकणारी टक्केवारी, गाण्याची पट्टी, असल्या सतत बदलणाऱ्या गोष्टींचा प्रत्येक बदल लिहिला जात नाही. फोटो आला असेल तर फोटो मिळत नाही, आल्याची ओळ मिळते. एखाद्या ॲपने गुप्ततेसाठी "नवा मेसेज" एवढंच दाखवायचं ठरवलं असेल, तर हिस्टरीतही तेवढंच दिसतं. एखादं ॲप काढून टाकलं की त्याच्या नोंदीही जातात. आणि Use notification history हे बटण बंद केलं, तर तोवर साठलेलं सगळं पुसलं जातं. "जरा बंद करून पुन्हा चालू करून बघू" हा प्रयोग इथे करू नये.

हिस्टरी ही झालेल्या चुकीनंतरची गोष्ट. त्याच दुपारी मावशीला मी दुसरी एक सोय दाखवली. ती चूक होण्याआधीची आहे, आणि माझ्या मते रोजच्या जगण्यात तीच जास्त उपयोगी पडते.

आपण नोटिफिकेशन सरकवतो ते बऱ्याचदा ते नको असतं म्हणून नव्हे, तर आत्ता नको असतं म्हणून. हात भाकरीच्या पिठात आहेत, बस यायची आहे, कुणी दारात उभं आहे. ओळ डोळ्यांसमोर नको म्हणून आपण ती सारतो, आणि "नंतर बघू" यातलं नंतर येत नाही. या "आत्ता नको" साठी अँड्रॉइडमध्ये 2017 सालच्या 8.0 या आवृत्तीपासून स्नूझ आहे. गजराला आपण स्नूझ करतो तसंच. ओळ पट्टीतून जाते आणि ठरावीक वेळाने आपणहून परत येते, नव्याने आल्यासारखी. खऱ्या अर्थाने "परत येणं" हेच. हिस्टरीत आपण ओळीकडे जातो, स्नूझमध्ये ओळ आपल्याकडे येते.

तिचंही बटण हल्लीच्या फोनांत बंद असतं. Settings मधल्या Notifications मध्ये खाली Allow notification snoozing असं असतं, ते चालू करायचं. सॅमसंगमध्ये Advanced settings मध्ये Show snooze button या नावाने ते मिळतं. चालू केल्यावर नोटिफिकेशनच्या कडेचा छोटा बाण दाबून ओळ उलगडली की कोपऱ्यात एक लहान चिन्ह दिसतं, बहुतेक ठिकाणी घड्याळाचं. ते दाबलं की ओळीच्या जागी एक तासासाठी स्नूझ केल्याचं लिहिलेलं येतं. तिथेच बाण असतो, तो दाबून 15 मिनिटं, 30 मिनिटं, 1 तास किंवा 2 तास यांतलं निवडता येतं, आणि बोट चुकलं असेल तर तिथेच Undo असतं. काही फोनांत पर्याय थोडे वेगळे असतात, पण धाटणी हीच.

मावशीने यातून स्वतःची एक रीत बसवली आहे. दुपारच्या झोपेआधी आलेली कामाची ओळ ती दोन तासांसाठी स्नूझ करते, स्वयंपाकाच्या वेळची अर्ध्या तासासाठी. नको असलेल्या ओळी ती पूर्वीसारख्याच सरकवते. पण त्याआधी ती एकेक ओळ वाचते, Clear all वापरायचं तिने सोडून दिलं आहे. मला हे पटतं. एका बोटाने सगळं साफ करायच्या सवयीनेच तिची पहिली वेळ गेली होती.

स्नूझवर कुठवर विसंबायचं, तेही सांगायला हवं. स्नूझ केलेली ओळ पडद्याआड वाट बघत असते, पण तिची मालकी ॲपकडेच राहते. दरम्यान ॲपने ती मागे घेतली तर ती परत येत नाही. समजा व्हॉट्सॲपचा मेसेज फोनवर स्नूझ केला आणि तोच मेसेज संगणकावर उघडून वाचला. ॲपच्या दृष्टीने तो वाचला गेला, म्हणून ते चिठ्ठी काढून घेतं आणि तासाभराने काहीच येत नाही. हा बिघाड नव्हे. मधल्या वेळात फोन बंद-चालू झाला, बॅटरी संपून बंद पडला, तर स्नूझ केलेली ओळ परत येईल याचा भरवसा धरू नये. ॲप तोवर तीच चिठ्ठी नव्याने टाकणार नसेल तर ती गेली. आणि दोन तासांपलीकडचं काम स्नूझचं नव्हेच. उद्या सकाळी बँकेत जायचं आहे, औषध आणायचं आहे, यासाठी कॅलेंडर किंवा गजर लावावा.

स्नूझ केलेली ओळ कुठे आहे हे बघायचं असेल तर तेच हिस्टरीचं पान उघडावं. हिस्टरी चालू असेल तर तिथे Snoozed असा वेगळा भाग दिसतो. तासभर वाट न बघता मजकूर आत्ताच वाचायचा असेल तर तो तिथे वाचता येतो.

आता एक गंभीर बाजू. ज्या पानावर चोवीस तासांचे निरोप ओळीने लिहिलेले आहेत, ते पान कुणाच्याही हाती लागलं तर काय होईल याचा विचार करायला हवा. फोन उघडलेला असेल तर हे पान वेगळा पिन विचारत नाही. त्यात बँकेचे संदेश असतात, ओटीपी असतात, कुणाचं खासगी बोलणं असतं. पाठवणाऱ्याने व्हॉट्सॲपवर सगळ्यांसाठी डिलीट केलेला मेसेजही, तो नोटिफिकेशनमध्ये आला असेल तर, इथे वाचता येतो. या एका कारणासाठी ही सोय वापरणारे लोक मला भेटले आहेत. मी तसं करू नये असंच म्हणेन. कुणी बोललेलं मागे घेतलं असेल तर ते उकरून काढायला हे पान नाही. घरात एकच फोन दोघा-तिघांत फिरत असेल, मुलं खेळायला घेत असतील, तर हिस्टरी चालू ठेवायची की नाही हे त्या घराने ठरवावं. सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही.

पण एका बाबतीत माझं मत ठाम आहे. प्ले स्टोअरवर नोटिफिकेशन्स जपून ठेवणारी अनेक ॲप मिळतात. चोवीस तास नव्हे, महिनोन्‌महिने ठेवू म्हणून सांगतात. ती चालायला Notification access नावाची परवानगी मागतात. ही परवानगी दिली की त्या ॲपला तुमचं प्रत्येक नोटिफिकेशन वाचता येतं, आणि आपण सरकवतो तसं ते हटवताही येतं. ओटीपीसुद्धा एक नोटिफिकेशनच असतो. अँड्रॉइड 15 पासून अशा बाहेरच्या ॲपला ओटीपीचा मजकूर झाकून दाखवायची व्यवस्था आली आहे, पण आपल्याकडे हातात असलेले कितीतरी फोन त्याआधीचे आहेत. चुकून गेलेल्या एका ओळीसाठी घराची किल्ली अनोळखी माणसाकडे देऊ नये. फोनमधली हिस्टरी फोनमध्येच राहते, ती पुरे. आधी कधी असं ॲप घेतलं असेल तर Settings च्या शोधपट्टीत Notification access टाइप करून यादी बघावी आणि ओळखीचं नसेल त्याची परवानगी काढून घ्यावी.

आयफोनवाल्यांना यातलं जवळजवळ काहीच मिळत नाही. आयफोनवर नोटिफिकेशन सेंटरमधून ओळ साफ केली की ती परत बघायला पान नाही, आणि सगळ्या ॲपच्या ओळींना लागू पडेल अशी स्नूझही नाही. काही मोजक्या ॲपमध्ये आठवण करून द्यायचे आपापले पर्याय आहेत, ॲपलच्या मेलमध्ये आहे तसे. बाकी ज्या त्या ॲपमध्ये जाऊन शोधणं हाच मार्ग. मावशीचा मुलगा पुण्यात आयफोन वापरतो. तिचं पान बघून त्याने स्वतःच्या फोनमध्ये बरंच शोधलं आणि शेवटी सोडून दिलं.

हे वाचताना तुमच्या जवळ अँड्रॉइड फोन असेल तर आत्ताच Notifications मध्ये जाऊन ही दोन्ही बटणं बघा, आणि पुढच्या वेळी गावी गेलात की आई-वडिलांच्या, मावशी-काकांच्या फोनवरही बघा. त्यांना विचारून, त्यांच्यासमोर चालू करा, आणि पान कसं उघडायचं ते त्यांच्या बोटाने एकदा करून घ्या. ज्या दिवशी काही हरवेल त्या दिवशी बटण दाबून उपयोग नाही. नोंद बटण दाबल्यानंतरच्या ओळींचीच होते.